भूलवाले डॉक्टर कुठे राहतात?

माझं दुसरं बाळंतपण कुठे करायचं हे ठरवायला आमच्या मुंगसऱ्याच्या घरी बैठक बसली, तिला मला बोलावलं नव्हतं. मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेर ओट्यावर माझे सासरे कोंडाजी तात्या, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि माझा नवरा दिनेश बसले होते. विहिरीवर कुठल्या कंपनीची मोटर बसवायची, अशा सुरात माझ्या पोटाबद्दल बोलणं चाललं होतं. चुलतभावांपैकी एकाने आयुष्यात दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. दुसरा चढला होता, पण मूळव्याधीसाठी. तरी दोघांचीही मतं ठाम होती.

साल २००३. नाशकात सिंहस्थ भरलेला. ज्याला त्याला पुण्य हवं होतं आणि त्या पुण्याला फुलं लागत होती, म्हणून आमचा झेंडू आणि शेवंती शेतातून थेट गाडीत जात होती. मी निफाडची, बी.कॉम. झालेली, लग्नानंतर फुलबाजारात बसायला शिकलेली. टोपलीतली वरची फुलं बघून माल घ्यायचा नाही, हात घालून तळातली फुलं काढून बघायची, एवढं तरी त्या बाजाराने मला शिकवलं होतं. आमच्या घरातल्या पुरुषांना मात्र वरची फुलं पुरायची.

"सरकारी दवाखान्यात नाय न्यायचं," तात्या म्हणाले. ते एकदा उपसरपंच झाले होते आणि ते पद गेलं तरी अजून उतरलं नव्हतं. "कोंडाजीची सून तिथं रांगेत झोपली म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"शुभाताई म्हणती ते गंगापूर रोडचं हॉस्पिटल बरंय," दिनेश म्हणाला. माझा नवरा वाईट नाही. फक्त त्याचं मत नेहमी शेवटच्या बोलणाऱ्यासारखं असतं.

तेवढ्यात राज आला. हा माझा चुलत दीर, पुण्याला कसल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिरात आठ दिवस राहून आलेला. तेव्हापासून तो चहाऐवजी गवताचं पाणी प्यायचा आणि सगळ्यांना शिकवायचा. "दवाखाना कशाला पाहिजे? बाळंतपण हा काय आजार आहे का? आपल्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी स्वयंपाकाला उभ्या राहायच्या."

माझ्या सासूबाई अंबूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पुरुषांच्या बोलण्यात त्या कधी पडायच्या नाहीत. पण त्या दिवशी सूप खाली ठेवून म्हणाल्या, "शेतात बाळंत झाली ती माझी थोरली जाऊ. तिचा फोटो बी नाय घरात. काढायच्या आधीच गेली. तू गवत पी, बाबा, बाळंतपणात नको पडू."

बैठकीत कुणी काही शिकलं असं वाटलं नाही. उठताना तात्या म्हणाले, "शुभीला बोलवा. ती सांगल."

शुभांगीताई, म्हणजे माझी मोठी नणंद, आल्या त्या चकचकीत कागदाची एक फाईल घेऊनच. त्यांचे यजमान इमारती बांधायचे आणि त्या गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांची मुलगी ज्या हॉस्पिटलात झाली, त्याला पुढून वरपासून खालपर्यंत काच होती. आमच्या घरात त्याचं नावच काचेचं हॉस्पिटल पडलं होतं. फाईलमध्ये गोऱ्या बायकांचे हसरे फोटो होते. त्यातली एकही बाळंत झाल्यासारखी दिसत नव्हती.

"आणि मी त्र्यंबकच्या गुरुजींना विचारून आले," शुभांगीताई म्हणाल्या. "पर्वणीच्या दिवशी सकाळी असा मुहूर्त आहे की असं मूल बारा वर्षांत एकदा जन्मतं. डॉक्टरांशीही बोलले. त्या दिवशी सकाळी सीझर करून देतील. तारीख तशीही त्याच आठवड्यातली आहे."

तात्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की जणू मूल त्यांच्याच पोटात होतं.

"मला सीझर कशाला?" मी विचारलं. "समर्थच्या वेळी नीट बाळंत झाले होते. आताही सगळं नीट आहे."

"अगं, कळा नाहीत, त्रास नाही. झोपायचं आणि उठायचं."

"पोट कापून उठायचं."

"तुझं नेहमी वाकडंच," त्या म्हणाल्या. वाकडं खरंच होतं. सरळ बोलून त्या घरात काही ऐकू जात नसे.

माझा मुलगा समर्थ चार वर्षांचा. तो निफाडला साध्या दवाखान्यात झाला, टाके दोन, रक्तस्राव बेताचा. या वेळी दर महिन्याच्या तपासणीत रक्तदाब सरळ, साखर नाही, रक्त दहाच्या वर, बाळ एकच आणि डोकं खाली. ज्या बाईला धोका कमी असतो म्हणतात, ती मीच. मग तिने जायचं कुठे, हा खरा प्रश्न होता आणि तो कुणीच विचारत नव्हतं. म्हणून मी विचारायला निघाले.

आधी गेले ती गिरणाऱ्याच्या पुढे एका ट्रस्टचं प्रसूती केंद्र होतं तिथे. आमच्या भागातल्या आणि पेठ तालुक्याकडून मजुरीला आलेल्या बायका तिथे जायच्या. बैठं कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात एक जीप. आत दोन खोल्या, चार खाटा. वत्सला सिस्टर ते केंद्र चालवायच्या. नर्सिंगचं शिक्षण घेऊन मोठ्या इस्पितळातल्या प्रसूती विभागात कितीतरी वर्षं काढलेली बाई. आठवड्यातून एकदा शहरातून डॉक्टर यायच्या, एरवी सिस्टर आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी.

मी गेले तेव्हा पेठकडची एक पोरगी कळा देत अंगणात फिरत होती. तिची आई कमळाबाई तिच्या कमरेला हात लावून बरोबर चालत होती. मध्येच सिस्टर आल्या, पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके मोजले, "चालत राहा गं" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. कुणी आरडत नव्हतं, कुणी कुणाला झोपवून ठेवलेलं नव्हतं. मला तिथेच राहावंसं वाटलं.

सिस्टरांनी माझे सगळे कागद पाहिले, पोट तपासलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्यात बसता. आम्ही सगळ्यांना घेत नाही. पहिलं सीझर झालेलं, जुळं, आडवं बाळ, रक्तदाब, रक्त कमी, यातलं काहीही असलं की सरळ शहरात पाठवतो."

"आणि इथे काही बिघडलं तर?"

"ठोके आम्ही सारखे बघतो. बाळ झाल्याबरोबर गर्भाची पिशवी आकसायचं इंजेक्शन देतो. बाळाने श्वास घेतला नाही तर तो द्यायला हवा भरायची पिशवी आणि मास्क आहे आणि ते आम्हाला वापरता येतं. सलाईन आहे. सीझर होत नाही. रक्त नाही. अडलं की जीप. बहुतेक वेळा नुसत्या कळा मंदावलेल्या असतात, तेव्हा घाई नसते, निवांत पोचवतो."

"आणि घाई असते तेव्हा?"

"तेव्हा इथून शहरातल्या ऑपरेशनच्या टेबलापर्यंत चांगला पाऊण तास जातो, सगळं पकडून. दुसरेपणी असं क्वचित होतं. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं मी म्हणणार नाही. ते वजन तुम्हीच करायचं. आणि एक आताच सांगते. पर्वणीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत मी एकही बाळंतपण घेणार नाही. रस्ते पोलिसांच्या हातात असणार. जीप निघाली तरी कुठे अडेल सांगता येत नाही. पोचायची खात्री नसेल तर हे केंद्र नुसती चार खाटांची खोली आहे."

माझ्या ओळखीत पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःचा माल कुठे कमी पडतो ते आपणहून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी काचेच्या हॉस्पिटलात. शुभांगीताई पुढे, मी आणि दिनेश मागे. आत माशांची टाकी, थंडगार हवा आणि नाव विचारून आडनाव टिपणारी एक मुलगी. डॉक्टर देखणे होते आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, "एकदम नॉर्मल. मग पर्वणीला घेऊया ना?"

नॉर्मल आहे म्हणून कापूया, हे इतक्या सहज म्हणताना मी कुणाला ऐकलं नव्हतं.

"डॉक्टर, सीझर नको. माझं आपोआप होऊ दिलं आणि मध्येच काही अडलं, तर लगेच सीझर करता येतं का इथे?"

"अर्थात. थिएटर वरच आहे."

"भूल कोण देतं?"

"आमचे भूलतज्ज्ञ आहेत. फोन केला की येतात."

"म्हणजे इथे नसतात. राहतात कुठे?"

डॉक्टरांनी दिनेशकडे पाहिलं, बायकोला आवर अशा नजरेने. दिनेशने माशांच्या टाकीकडे पाहिलं.

"नाशिकरोडला," डॉक्टर म्हणाले.

"आणि रक्त?"

"रक्तपेढीतून मागवतो. ताई, तुम्ही फुलं विकता ना? मी तुम्हाला कधी विचारलं का, झेंडूला पाणी कुठून येतं?"

शुभांगीताई खळखळून हसल्या. मी म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं," आणि उठले.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी मनाशी हिशेब लावत होते. गिरणाऱ्याला अडलं तर मला पाऊण तास जीपमधून टेबलापर्यंत जायचं. काचेच्या हॉस्पिटलात अडलं तर मी टेबलाखालच्याच मजल्यावर, पण भूलवाले डॉक्टर नाशिकरोडहून द्वारकेच्या गर्दीतून येणार, आणि रक्त आणखी तिसरीकडून. अंतर तेवढंच. फक्त एकीकडे मी निघणार, दुसरीकडे डॉक्टर. काचेने ते अंतर झाकलं होतं आणि कौलांनी झाकलं नव्हतं. खरं बोलायचं तर काचेकडे एक गोष्ट जास्त होती, टाके घालणारा सर्जन तिथे हजर होता. पण गरज नसताना कापायची त्याची तयारीही तिथे हजर होती, तेही मला वजनात धरावं लागलं.

उरला सरकारी मोठा दवाखाना. तिथे मी एकटीच जाऊन आले, कारण तात्यांचं नाक बरोबर न्यायला जागा नव्हती. एका खाटेवर कधी दोघी. बाथरूमबद्दल बोलायलाच नको. प्रसूती विभागातली सिस्टर माझ्यावर खेकसली. पण भूल देणारे डॉक्टर आत होते, दिवसरात्र पाळीने. रक्तपेढी त्याच आवारात. थिएटर त्याच मजल्यावर. पर्वणीसाठी जादा डॉक्टर येणार होते.

मी घरी येऊन सांगून टाकलं. पर्वणी सोडून कधीही कळा आल्या तर गिरणारे. पर्वणीच्या त्या तीन दिवसांत आल्या तर सरकारी दवाखाना. सीझर मुहूर्तावर नाही.

तात्या दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. आत्याबाईंनी त्यांचं ताट वाढलं आणि तेच जेवण त्यांच्यापुढे ठेवलं. ते माझ्याच हातचं होतं. ते जेवले.

प्रश्न राहिला तो पर्वणीच्या दिवसांत शहरात राहायचं कुठे. गावात राहिले तर रस्ते बंद झाल्यावर मुंगसऱ्यातच अडकणार. शेवटी शुभांगीताईंच्या घरी जायचं ठरलं. त्यांना वाटलं मी नमले. मी वाटू दिलं.

पर्वणीच्या दिवशी सगळं शहर रामकुंडाकडे तोंड करून उभं होतं. तात्या पहाटेच नातेवाइकांबरोबर स्नानाला गेले होते, पापाचा डोंगर कमी करायला. दिनेश फुलबाजारात. त्या दिवशी झेंडू घेऊन जो आत शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर पडणार नव्हता. शुभांगीताईंचे यजमान कुठल्याशा साधूंच्या सेवेला. घरात आम्ही दोघी बायका, समर्थ आणि ताईंची मुलगी.

सकाळचा चहा झाल्यावर माझ्या कमरेत कळ आली. अर्ध्या तासात त्या नेमाने यायला लागल्या. मी म्हणाले, "ताई, निघायचं."

त्यांनी पोरांना शेजारी सोडलं, गाडी काढली आणि सरळ काचेच्या हॉस्पिटलापुढे आणून उभी केली. पायी गेलो असतो तरी चाललं असतं इतकं ते जवळ होतं.

"ताई, सरकारी दवाखान्यात म्हणाले होते मी."

"अगं, पुढे बॅरिकेड आहेत. इथे आपली ओळख आहे. एकदा आत तर चल."

मी आत गेले, कळ ओसरेपर्यंत भिंत धरून उभी राहिले आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "भूलवाले डॉक्टर आले आहेत का?"

तिला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. बाकावर एक भरजरी कुटुंब बसलं होतं. आजोबा, काका, हातात पंचांग धरलेला एक माणूस, आणि मध्ये हिरवा गाऊन घातलेली, भुकेने सुकलेली एक मुलगी. पंचांगवाला उठून काउंटरवर ओरडला, "आता तरी सांगा, कुठपर्यंत आले? वेळ टळत चालली!"

"द्वारकेला थांबवलंय त्यांना, काका. पोलीस सोडत नाहीत."

"अहो, पण मुहूर्त थांबतो का?"

"दुसरा बघा ना एखादा," मुलगी म्हणाली. आणि त्या माणसाने खरोखर पंचांगाचं पान उलटलं. शेजारी हिरव्या गाऊनमधल्या मुलीने डोळे मिटून घेतले. ती कुणाच्याच हिशेबात नव्हती, फक्त मुहूर्ताचं पोट म्हणून बसवली होती.

शुभांगीताई ते सगळं बघत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझा दंड धरला. "चल," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या चौकात बांबू आडवा होता. हवालदार म्हणाला, "गाडी पुढे जाणार नाही." शुभांगीताईंनी काच खाली केली आणि एरवी भाजीवाल्याशी वापरतात तो आवाज काढला. तो चालला नाही. मग मी पुढे वाकले आणि त्याच वेळी कळ आली. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, बांबू वर केला आणि पुढच्या चौकीला शिट्टी वाजवून हात केला. पुढे दोन ठिकाणी तसंच झालं. पुण्य मिळवायला आलेल्या लाखभर माणसांमध्ये माझ्या कामाचे तेवढे तिघेच निघाले आणि तिघेही खाकीत होते.

गाडी चालवता चालवता शुभांगीताई म्हणाल्या, "मलाही असंच बसवलं होतं गं. हिरवा गाऊन घालून. अजून हवा बदलली की टाक्याजवळ दुखतं. मला कुणी विचारलंच नव्हतं." मी कळेत होते. पण मी त्यांचा गिअरवरचा हात धरला, आणि त्यांनी गाडी तशीच चालवली.

सरकारी दवाखान्यात आधी शिव्याच मिळाल्या. "आता येता होय? इतका वेळ काय करत होता?" पण बोलता बोलताच सिस्टरने मला आत घेतलं, तपासलं, ठोके बघितले. थोड्याच वेळात मुलगी झाली. लगेच रडली. मला वाटलं, झालं, सुटले.

इंजेक्शन दिलं, पण बाळामागची वार पडेना. सिस्टरने नाळ हळूच ओढून पाहिली, पोटावरून हात फिरवला, थांबली. मला खाली गरम वाटायला लागलं आणि ते गरम थांबेना. सिस्टरचं खेकसणं एकदम बंद झालं, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिने हाक मारली आणि खोली माणसांनी भरली. दोन्ही हातांना सुया, सलाईन, कुणीतरी रक्ताचा नमुना घेऊन धावलं, कुणीतरी मूत्र काढायची नळी घातली. एक तरुण डॉक्टरीण माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "वार आत अडकली आहे. थिएटरात नेऊन भूल देऊन हाताने काढतो. घाबरू नका." मला विचारायचं होतं की भूलवाले डॉक्टर कुठे आहेत. पण स्ट्रेचर दारातून वळलं तेव्हा ते टोपी बांधत समोरच उभे होते. टक्कल असलेले, कंटाळलेले गृहस्थ. "नाव काय?" म्हणाले. मी दीपमाला म्हणाले, पुढचं काही आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा दुसरी बाटली रक्त चढत होती. मुलगी शुभांगीताईंच्या मांडीवर. त्यांचे डोळे सुजलेले, साडीला माझं रक्त लागलेलं. खाटेवर पायथ्याशी आणखी एक बाळंतीण मुलाला पाजत बसली होती, कारण खाटा पुरत नव्हत्या.

संध्याकाळी रस्ते मोकळे झाले तसे सगळे आले. दिनेशच्या अंगाला झेंडूचा वास होता. तो माझ्याकडे बघून रडला आणि मग डॉक्टरांना उगाचच तीन वेळा धन्यवाद म्हणाला. आत्याबाई माझ्या पायाशी बसून तळवे चोळत राहिल्या. तात्या वॉर्डच्या दारात उभे राहिले, नाकाला उपरणं लावून. पाहुणे जमल्यावर त्यांचा आवाज मात्र आतपर्यंत आला. "मी आधीच म्हणलं होतं, सगळी सोय जिथं तिथंच न्या. आन् पर्वणीचीच पोर झाली बघा. गुरुजींनी सांगितलं ते खरं."

मी हसले असते, पण पोट दुखत होतं. काचेच्या हॉस्पिटलातल्या त्या हिरव्या गाऊनच्या मुलीचं काय झालं, हे शुभांगीताईंनी नंतर चौकशी करून सांगितलं. भूलवाले डॉक्टर दुपार टळल्यावर पोचले. तोवर तिच्या घरच्यांनी दुसरा मुहूर्त शोधला होता. ती आणि बाळ दोघंही ठीक होती. पुढच्या महिन्यात त्या हॉस्पिटलाची नवी फाईल निघाली, तिच्यावर एका बाळाच्या फोटोखाली सिंहस्थाच्या शुभेच्छा होत्या.

दीड महिन्याने मी मुलीला घेऊन गिरणाऱ्याच्या केंद्रावर गेले. सगळे मला सांगत होते की तू त्या कौलारू घरात गेली असतीस तर मेली असतीस. राजसुद्धा तेच म्हणत होता, शेतात बाळंत करायला निघालेला. मला ते खऱ्या माणसाकडून ऐकायचं होतं.

वत्सला सिस्टरांनी डिस्चार्जचा कागद वाचला. मी विचारलं, "इथे असते तर?"

"इंजेक्शन दिलं असतं, सलाईन लावलं असतं, मूत्राशय रिकामं केलं असतं, पोट दाबून धरून जीपमध्ये घातलं असतं," त्या म्हणाल्या. "रक्तस्राव आवाक्यात ठेवून रोजच्या दिवशी बहुधा पोचलो असतो. बहुधा. पर्वणीला नाही सांगता येत. म्हणून तर नाही म्हणाले होते."

"म्हणजे माझा विचार चुकला होता का?"

"रोजच्या दिवसाचा? नाही. ज्या बाईला काही धोका दिसत नाही तिच्यातही अशी एखादी निघते, हे तुम्हाला आधी माहीत होतं आणि मलाही. ते धरूनच ठरवायचं असतं." त्यांनी कागद घडी करून परत दिला. "पण आता पुढच्या खेपेला मी तुम्हाला घेणार नाही. एकदा वार अडकली, रक्त चढवावं लागलं. आता तुम्ही आमच्यात बसत नाही."

मला थोडं वाईट वाटलं. त्या अंगणात कमळाबाईची पोरगी चालत होती तसं चालायची माझी इच्छा राहून गेली होती.

"पुढची खेप नाहीच," मी म्हणाले.

"ते तुमच्या घरच्या बैठकीत ठरायचं असेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, पण मला फार हसू आलं. बाकावर एक पोटुशी बाई सासूबरोबर बसली होती, तिचा नंबर लागला. सिस्टरांनी तिला आत बोलावलं. सासू उठून तिच्यासाठी बोलायला लागली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही थांबा. तिला बोलू दे."